नाणं म्हणजे आधीच करून ठेवलेली पारख

दहा रुपयांचं नाणं पुढे केलं की दुकानदार हात मागे घेतो, हा अनुभव महाराष्ट्रात अनेकांनी घेतला आहे. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं की दहा रुपयांची नाणी १४ वेगवेगळ्या नमुन्यांत निघाली आहेत आणि ती सगळी चालतात. दुकानदाराने नाण्यात धातू किती आहे हे कधी विचारलं नव्हतं. त्याची शंका वेगळी होती : हे मी घेतलं, तर पुढचा माझ्याकडून घेईल का?

नाण्याचा जन्म याच शंकेतून झाला. अडीच हजार वर्षांपूर्वी या शंकेवर जे उत्तर सापडलं, त्याने बाजार सोपा केलाच, शिवाय राजाच्या हाती पूर्वी कधीही नव्हती अशी ताकद दिली. हे नेमकं कसं घडलं, ते आपल्याच भूमीवरच्या कार्षापण नावाच्या चांदीच्या नाण्यावरून चांगलं कळतं.

## नाण्याआधी सगळा वस्तुविनिमयच होता ना?

शाळेत असंच शिकवतात : आधी ज्वारी देऊन मडकं घ्यायचे, मग त्रास होऊ लागला म्हणून नाणी आली. पण मधला एक मोठा टप्पा त्यात गळून जातो. मेसोपोटेमियात नाणं येण्याच्या हजाराहून अधिक वर्षं आधीपासून लोक चांदी तोलून देत-घेत होते. 'शेकेल' हे मुळात वजनाचं नाव, साधारण ८.३ ग्रॅमचं. आपल्याकडे वैदिक वाङ्मयात गाई मोजून किंमत सांगितलेली आहे, आणि निष्क नावाच्या सोन्याच्या अलंकाराचाही देण्याघेण्यात वापर दिसतो. म्हणजे पैसा होता. नव्हतं ते फक्त नाणं.

तोललेल्या चांदीत अडचण वजनाची नव्हती. तराजू आणि गुंजा असल्या की वजन कोणीही करतो. अडचण होती कसाची. चांदीत चौथा हिस्सा तांबं मिसळलं तरी ती डोळ्यांना चांदीच दिसते. खात्री करायची तर शिसं घालून आटवावी लागते : शिसं हीण धातू ओढून घेतं, मुशीत ते मुरतं आणि मागे शुद्ध चांदी उरते. मीठ-मिरची घ्यायला आलेल्या माणसासाठी कोण भट्टी पेटवणार?

गावच्या डेअरीत दूध घालताना फॅट लावतात. शेतकऱ्याकडून वीस लिटर घेताना ते परवडतं. पण अर्धा लिटर घेणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाने दारात उभं राहून फॅट लावायची म्हटली, तर दूधविक्रीच थांबेल. म्हणून तपासणी एकदाच होते आणि पिशवीवर छाप पडते. नाण्यावरचा ठसा म्हणजे हीच छाप. वजन झालं आहे, कस पाहिला आहे, आता नुसतं मोजा.

## पहिला ठसा कुठे पडला?

सर्वात जुनी नाणी म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवतात ती आजच्या तुर्कस्तानातल्या लिडिया राज्याची आणि शेजारच्या ग्रीक शहरांची, इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली. ती सोनं आणि चांदी यांच्या मिश्रधातूची होती. या मिश्रणात सोनं किती हे बघून सांगता येत नाही, आणि म्हणूनच तिथे ठशाची गरज सर्वात तीव्र होती. पुढे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या मध्यावर लिडियाच्या क्रीसस राजाच्या नावाने शुद्ध सोन्याची आणि शुद्ध चांदीची वेगवेगळी नाणी ओळखली जाऊ लागली.

भारतात चांदीची नाणी दिसू लागतात ती इ.स.पू. सहाव्या-पाचव्या शतकाच्या सुमारास. मग ती ग्रीकांकडून उचलली का, असा प्रश्न येतोच. वायव्येकडे दोन्ही प्रकार एकमेकांना भेटत होते हे खरं. काबूलजवळ चमन-इ-हुजुरी इथे १९३३ मध्ये सापडलेल्या ठेव्यात ग्रीक नाणी आणि गांधार भागातल्या वाकड्या चांदीच्या कांड्या एकत्र होत्या. पण आपलं वजनाचं माप गुंजेचं, आकार चौकोनी-आयताकृती, आणि बनवायची रीत पूर्ण वेगळी. ग्रीक नाण्यावर एका बाजूला एकच मोठं चित्र एका घावात उठवतात, तर आपल्याकडे लहान लहान पाच ठसे एकेक करून मारत. कल्पनेची वार्ता प्रवास करून आली असेलही, पण कारागिरी इथलीच आहे असं माझं मत आहे.

पाणिनीच्या व्याकरणात 'रूप' या शब्दापासून, 'आहत' म्हणजे ठोकलेलं या अर्थी, 'रूप्य' शब्द साधायचा नियम आहे. ठसा मारलेलं ते रूप्य. आपला रुपया याच घराण्यातला. नाणेशास्त्रात या नाण्यांना अजूनही 'आहत नाणी' म्हणतात.

## कार्षापण कसा बनायचा?

कार्षापणाचं ठरलेलं वजन ३२ गुंजा. गुंज म्हणजे तीच लाल-काळी बी, जी सोनारांच्या तराजूत परवापर्यंत होती. नाण्यांवरून त्या काळची गुंज ०.११ ग्रॅमच्या आसपास धरतात (नंतरच्या तोळ्याच्या मानातली गुंज याहून थोडी जड आहे). म्हणजे नाणं साधारण ३.३ ते ३.५ ग्रॅमचं. आजच्या एक रुपयाच्या नाण्याच्या जवळपास.

चांदी आटवून तिचा ठोकून पत्रा करायचा. पत्र्याच्या पट्ट्या कापायच्या आणि पट्टीचे तुकडे. आता तराजू. तुकडा जड भरला तर छिन्नीने कोपरा उडवायचा, पुन्हा तोलायचा. म्हणून या नाण्यांचे एक-दोन कोपरे हमखास छाटलेले असतात आणि दोन नाणी आकाराने सारखी नसतात. आकार महत्त्वाचा नव्हताच. वजन जमलं की तुकडा ऐरणीवर ठेवून एकेक ठसा हातोडीने मारायचा : सूर्य, सहा आऱ्यांचं चिन्ह, हत्ती, कठड्यातलं झाड, चंद्रकोर असलेली टेकडी. मगधाच्या साम्राज्यात हे ठसे पाच झाले. त्यांवर अक्षर नाही, सन नाही, राजाचं नाव नाही.

पाच ठसे पाच वेगळ्या खिळ्यांनी मारलेले असल्याने ते एकमेकांवर चढतात, काही काठाबाहेर अर्धेच उमटतात. आज हातात नाणं घेतलं तर पाचही पूर्ण दिसतील असं नाणं नशिबाने मिळतं. पण बनावट करणाऱ्यासाठी ती अडचणच होती : एक नव्हे, पाच ठसे खोदायचे आणि तेही त्या त्या मालिकेतल्या जोडीचेच.

तरी खोटी नाणी होत होतीच. नेहमीची रीत म्हणजे आत तांब्याचा तुकडा आणि वरून चांदीचा पातळ पत्रा. असं नाणं झिजलं की काठाला तांबूस रेघ दिसते, पितळी पारड्यात ते हलकं भरतं कारण तांबं चांदीपेक्षा हलकं, आणि दगडावर टाकलं तर आवाज बद्द येतो. 'खणखणीत नाणं' आणि 'वाजवून घेणं' हे शब्दप्रयोग आपण माणसांसाठी वापरतो, पण ते आले आहेत या तपासणीतून. पारखी, पोतदार ही आडनावंही नाणं तपासण्याच्या कामावरून पडलेली.

## हे ठसे राजाचे की सावकारांचे?

नाव नसल्यामुळे हा वाद बराच चालला. यात फार मोलाचं काम केलं ते गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्यात राहिलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी. ते मूळचे गणिताचे. त्यांनी हजारो आहत नाणी अचूक तराजूवर तोलली. त्यांचा विचार साधा होता : नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणून जितकं जुनं तितकं हलकं. तक्षशिलेला सापडलेल्या ठेव्यांतली नाणी त्यांनी मागच्या बाजूवरच्या बारीक ठशांच्या संख्येनुसार लावली, तेव्हा दिसलं की मागे जितके ठसे जास्त, तितकं सरासरी वजन कमी.

म्हणजे पुढचे पाच मोठे ठसे एकदाच, टांकसाळीत पडलेले. मागचे बारीक ठसे वापरात असताना, वेळोवेळी कोणीतरी नाणं तपासून 'ठीक आहे' म्हणून मारलेले. कोसंबींनी ते व्यापाऱ्यांच्या तपासणीचे मानले. मला हे फार बोलकं वाटतं. राज्याने हमी दिली तरी बाजाराने आपली तपासणी सोडली नव्हती, आणि दोघांचे शिक्के एकाच तुकड्यावर पाठीला पाठ लावून बसले होते.

## राजाला यातून काय मिळालं?

इथे कौटिलीय अर्थशास्त्राकडे वळावं लागतं. हा ग्रंथ एका काळात लिहून पुरा झालेला नाही, त्यात नंतरची भर आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्यामुळे त्याला मौर्यांचं दफ्तर समजू नये. पण टांकसाळ कशी चालवावी याचे नियम त्यात नेमके आहेत.

टांकसाळीच्या प्रमुखाला तिथे 'लक्षणाध्यक्ष' म्हटलं आहे. त्याने चांदीच्या नाण्यात चौथा हिस्सा तांबं घालावं आणि एक माष लोखंड, कथील, शिसं किंवा अंजन यांपैकी काहीतरी. नाणं १६ माषांचं धरा. त्यात ४ माष तांबं, १ माष दुसरा धातू, उरली ११ माष चांदी. गुंजांत सांगायचं तर ३२ पैकी २२. प्रत्यक्ष सापडलेल्या नाण्यांत हे प्रमाण कमी-जास्त आहे, बऱ्याच नाण्यांत चांदी याहून जास्त आहे, पण तत्त्व कळतं : २२ गुंजा चांदीचा तुकडा ठसा पडला की १ पण, म्हणजे एक कार्षापण, म्हणून चालतो.

मग ही लूट झाली का? थोडी मिसळ लागतेच. शुद्ध चांदी मऊ असते, लवकर झिजते. शिवाय कोळसा, कारागीर, तपासणी यांचा खर्च आहे. त्यासाठी अर्थशास्त्रात वेगळी वसुलीही आहे : शेकडा ८ 'रूपिक', शेकडा ५ 'व्याजी' आणि शेकडा एक अष्टमांश 'पारीक्षिक', म्हणजे परीक्षेचं शुल्क. ही बेरीज शंभराला १३ पण आणि वर एक अष्टमांश होते. खर्च वजा जाऊन जे उरतं तो राज्याचा नफा.

पण कमी चांदीचं नाणं लोकांनी पूर्ण किमतीला का घ्यावं? याचं उत्तर एका शब्दात आहे : 'कोशप्रवेश्य'. नाणी तपासणाऱ्या 'रूपदर्शका'ने दोन गोष्टी ठरवायच्या, बाजारात कोणतं नाणं चालेल आणि राजाच्या कोशात कोणतं घेतलं जाईल. राजा जकात, दंड, कर त्याच नाण्यात घेतो म्हटल्यावर प्रत्येकाला ते कुठून तरी मिळवावंच लागतं. ज्याला कर द्यायचा नाही तोही ते घेतो, कारण शेजाऱ्याला ते लागणार हे त्याला ठाऊक असतं. दहा रुपयांच्या नाण्याची शंका इथे मिटते. साखळीच्या टोकाला घेणारा पक्का आहे.

याला मर्यादा आहे, आणि ती बाजार दाखवून देतो. चांदी फार कमी केली की व्यापारी बट्टा लावतात, म्हणजे शंभराची नाणी नव्वदला धरतात. दूरदेशीचा व्यापारी तर ठसा बघतच नाही, तोलून घेतो. आणि घरात दोन प्रकारची नाणी असतील तर माणूस चांगलं पुरून ठेवतो, हिणकस खर्चतो. आहत नाण्यांच्या उशिराच्या मालिकांत तांबं वाढत गेलेलं दिसतं. राज्याची ओढाताण नाण्यात अशी उतरते.

## करात धान्य घेण्यापेक्षा हे वेगळं कसं?

समजा हजार पायदळ सैनिक सरहद्दीवर आहेत. माणशी रोज एक किलो धान्य म्हटलं तरी वर्षाला ३,६५,००० किलो, म्हणजे ५०० किलोच्या गाडीने ७३० बैलगाड्या. ओढणारे बैलही वाटेत खातात, पावसाळ्यात रस्ता बंद, कोठारात कीड आणि उंदीर. धान्याच्या करावर चालणारं राज्य त्यामुळे आपल्या कोठारापासून फार दूर फौज ठेवू शकत नाही.

आता अर्थशास्त्रातला पगार घ्या. पायदळाच्या सैनिकाला ५०० पण, वर्षाचे समजतात. ३.४ ग्रॅमच्या हिशेबाने १.७ किलो नाणी. हजार सैनिकांचा वर्षाचा पगार १,७०० किलो, म्हणजे चार बैलगाड्या. धान्य सैनिक जिथे आहे तिथल्या बाजारात विकत घेईल. तो खर्च करतो म्हणून तिथे धान्य आणणारा वाणी येतो, वाण्याकडून जकातीत तीच नाणी पुन्हा कोशात जातात. त्याच यादीत सेनापती, पुरोहित, युवराज अशांना ४८,००० पण आहेत, आणि तळाच्या सेवकांना ६०. गावं तोडून देण्याऐवजी रोख पगारावर माणूस ठेवला की तो राजाचा नोकर राहतो, गावाचा धनी होत नाही.

म्हणून सगळा कर रोखीत आला असं मात्र समजू नये. शेतसाऱ्याचा मुख्य भाग, परंपरेने सहावा हिस्सा, धान्यातच येई. रोख येई ती जकात, दंड, खाणी, टांकसाळ आणि 'हिरण्य' नावाच्या रोख करातून. कोश आटला असेल तर पगारात रानातला माल, जनावरं, शेत द्यावं आणि रोख थोडीच द्यावी, असं अर्थशास्त्रच सांगतं. गावातल्या माणसाच्या हातात चांदीचा पण क्वचितच पडत असेल. त्याच्यासाठी माषक, काकणी अशी तांब्याची नाणी होती, आणि पुढे दख्खनमध्ये सातवाहनांनी शिसं व पोटीन (तांब्याचा मिश्रधातू) यांची नाणी भरपूर काढली. रोजच्या देण्याघेण्याला खुर्दा लागतो. तो नसेल तर चांदीचं नाणं गावात पोचतच नाही.

## नाशिकच्या लेण्यातला हिशेब

हे सगळं नियमांच्या पोथीतलं झालं. प्रत्यक्षात पैसा कसा फिरत होता ते पाहायचं तर नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत उभं राहावं. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, ४२ व्या वर्षाचा.

लेण्यात राहणाऱ्या भिक्खूंसाठी त्याने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. ठेव ठेवली गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे. एका श्रेणीकडे २,०००, शेकडा १ व्याजाने. दुसरीकडे १,०००, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीतून लेण्यातल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी.

व्याज दरमहा धरून पाहा. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खूंना १२ प्रमाणे २४०. एक कार्षापण इकडे-तिकडे होत नाही. हजारावर पाऊण टक्क्याने वर्षाला ९०, ते भिक्खूंच्या इतर किरकोळ खर्चाला. लेख सांगतो की हे सगळं निगमसभेत जाहीर केलं आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवलं.

तोललेल्या चांदीवर हा व्यवहार उभा करणं फार कठीण होतं. दरवर्षी व्याजाच्या चांदीचा कस कोण बघणार, तंटा कोण सोडवणार? 'कार्षापण' म्हटलं की किती, हे विणकर, भिक्खू आणि राजघराणं तिघांनाही माहीत होतं, म्हणून कायमची ठेव शक्य झाली. त्याच ठिकाणी सोन्याच्या नाण्याचा दरही दिला आहे : ३५ कार्षापणांना एक सुवर्ण, या दराने ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नये. या कार्षापणाचं नाव जुनंच आहे, नाणं नवं. नहपानाची चांदीची नाणी साधारण २ ग्रॅमची, गोल, एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि नाव ग्रीक, खरोष्ठी व ब्राह्मी अशा तीन लिप्यांत. निनावी पाच ठशांच्या जागी आता राजाचा चेहरा आलेला होता.

## राजा हरला की त्याच्या नाण्यांचं काय होतं?

गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा पाडाव केला. त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, नाशिकच्याच लेखात त्याला क्षहरात वंश निःशेष करणारा म्हटलं आहे. त्याच ओघात धर्माने मिळवलेल्या कराचाच विनियोग करणारा, असंही विशेषण आहे. पण बाजारात तर नहपानाचा चेहरा फिरत होता.

१९०६ मध्ये नाशिकजवळ गोदाकाठच्या जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला, १३,२५० हून अधिक नाणी. सगळी मुळात नहपानाची. त्यांतल्या ९,२७० च्या आसपास नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपले ठसे मारलेले आहेत : एका बाजूला तीन कमानींची टेकडी आणि स्वतःचं नाव, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह म्हणून ओळखलं जाणारं, चार टोकांना गोळे असलेलं अधिकचिन्ह.

ती वितळवली का नाहीत? कारण त्याची गरज नव्हती. चांदीचा कस आणि वजन नहपानाच्या टांकसाळीनेच बरोबर केलं होतं. वितळवायचं तर कोळसा लागतो, धातूत घट येते, पुन्हा पत्रा, पुन्हा तोलणं. नुसता ठसा मारायला दोन घाव पुरतात, आणि बदलायची होती ती एकच गोष्ट, हमी कोणाची. काही नाण्यांवर नवा ठसा नीट बसलेला नाही. टेकडीच्या कमानीआडून नहपानाचा गाल किंवा ग्रीक अक्षरांची ओळ अजून डोकावते. आणि जवळपास चार हजार नाण्यांवर नवा ठसा पडलेलाच नाही. ज्याने हा ठेवा जमवला, त्याने दोन्ही प्रकार एकाच ठेव्यात एकत्र ठेवले होते.